काट मारलेला बदाम

पट्टीबाईला या कामातून काय मिळायचं होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. तिला मिळायचं होतं एक दार.

अकरा वर्षं ती छापखान्यात कागद कापायच्या यंत्राशेजारी बसून चित्रं काढत होती. यंत्र खाली आलं की तिचं टेबल हादरायचं, आणि टेबल हादरलं की तिची रेघ. तेवढ्यासाठी ती रेघ ओढायच्या आधी श्वास धरून यंत्राची वाट बघायला शिकली होती. छापखान्याच्या मागच्या अंगाला काचेची एक खोली होती. तिला खिडकी होती आणि मुख्य म्हणजे दार होतं. मालकांनी दोन वर्षांपूर्वी सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं, "ज्याचं काम वार्षिक प्रदर्शनात लागेल, खोली त्याची." तेव्हापासून खोलीत कागदाची रिमं ठेवलेली होती आणि पट्टीबाई जाता-येता त्या रिमांकडे, घर बळकावून बसलेल्या पाहुण्यांकडे बघावं तशी बघायची.

तिला पट्टीबाई म्हणायचे, कारण तिच्या पर्समध्ये पावडर-कंगव्याच्या आधी स्टीलची पट्टी निघायची. मापाशिवाय ती बोलत नसे. "थोडं मोठं करा" म्हणणाऱ्याला "किती मिलिमीटर?" असं विचारून तिने भल्याभल्यांची तोंडं बंद केली होती. आणि हीच बाई मापात चुकली. चुकली म्हणणंही तसं खरं नाही. माप तिला बरोबर माहीत होतं.

काम आलं ते तात्यांच्या मिठाईच्या दुकानाचं. दुकान लहान. पुढे काचेचं कपाट आणि गल्ला, मागे भट्टीची खोली, आणि दोन्हींच्या मधे एक अरुंद बोळ. त्या बोळात खिडकीखाली स्टुलावर मावशी बसायच्या. बावीस वर्षं त्या तिथेच बसून खोकी भरत, बंद करत आणि बांधत आल्या होत्या. गल्ल्यावर तात्यांची सून. सूनबाई हुशार, बोलायला गोड, पण गोडाच्या दुकानात राहून गोड खाऊन कंटाळलेली, त्यामुळे जिभेवर थोडं तिखट ठेवून असायची.

तात्यांच्या दुकानाची एक खासियत होती, आणि तिच्यावरच दुकान चालत होतं. सोमवारी आणि गुरुवारी भट्टीच्या खोलीत शेंगदाणा, बदाम, काजू, काही म्हणजे काही येत नसे. आदल्या दिवशी ओटे धुवायचे, भांडी वेगळी काढायची, आणि त्या दोन दिवशी नुसत्या दुधाच्या वड्या करायच्या. ज्यांना दाणे-बदाम बाधतात, ज्यांचा घसा सुजतो, श्वास अडकतो, अशी माणसं लांबलांबून यायची. दुधाची वडी आणि बदामाची वडी दिसायला सख्ख्या बहिणी, पांढऱ्या, चौकोनी, शेजारी ठेवल्या तर तात्यांनाही वास घेतल्याशिवाय सांगता येत नसे. खोकी दोन्हीला एकच, कारण दोन प्रकारची खोकी लहान दुकानाला परवडत नाहीत. म्हणून मावशी बिनदाण्याच्या खोक्याला लाल दोरा बांधायच्या. दुसऱ्याला पांढरा. बावीस वर्षांत एकदाही दोरा चुकला नव्हता.

"आता दोरे-बिरे कसले बांधता, जग कुठल्या कुठे गेलं," सूनबाई म्हणाली. "चांगला लोगो करू. खोक्यावर, पिशवीवर, मोबाइलवर, सगळीकडे तोच. आणि चार वड्यांचं छोटं खोकं बंद करायला गोल स्टिकर."

"स्टिकर केवढा?" पट्टीबाईने पट्टी काढली.

"झाकणाच्या जिभेवर बसेल एवढा."

पट्टीबाईने झाकणाची जीभ मोजली. चौदा मिलिमीटर. तिने आकडा वहीत लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. पुढचं सगळं या दोन रेघांवर होतं.

तीन आठवड्यांनी तिने तीन कच्चे आराखडे आणले. भर दुपारी, गिऱ्हाईक नसतं त्या वेळी. तिन्ही एकाच मापात, सात सात सेंटिमीटर, एकाच तपकिरी रंगात, कारण दोन रंग छापायचे तर खर्च वाढतो आणि तात्यांचा चेहरा पडतो.

पहिला म्हणजे नुसतं दुकानाचं नाव, जाड ठसठशीत अक्षरांत. नावात मधे एक जोडाक्षर होतं. लहान केलं की त्याच्या पोटातल्या पोकळ्या बुजून जायच्या, म्हणून तिने त्या मुद्दाम मोठ्या ठेवल्या होत्या. बिनदाण्याच्या मालासाठी नावाखाली जाड पट्टा.

दुसरा म्हणजे बदाम. एक भरीव, गुबगुबीत, किंचित कललेला बदाम, आणि त्याच्या पोटात एकाच वळणात काढलेली वाटी. बघताक्षणी हात पुढे करावासा वाटेल असा. बिनदाण्याच्या मालासाठी तोच बदाम, फक्त त्याच्यातून तिरकी गेलेली एक बारीक पांढरी काट.

तिसरा म्हणजे नावाचं पहिलं अक्षर, जाड, चौकटीत. दाण्याच्या मालाला गोल चौकट, बिनदाण्याच्याला चौकोनी. स्टिकरही तसेच कापायचे, एक गोल, एक चौकोन.

"हा तिसरा म्हणजे सरकारी शिक्का," सूनबाई म्हणाली. "वडी खायची की अर्ज भरायचा?"

"पहिला बरा आहे," तात्या म्हणाले. "वाचता येतो."

"मामंजी, तुम्हाला येणारच. नाव तुमच्याच आजोबांनी ठेवलंय."

पट्टीबाई हसली. सूनबाई थट्टेत जे बोलली, तेच तिने नोकरीत शिकलेलं पहिलं तत्त्व होतं. ज्याला नाव माहीत आहे, त्याला ते वाचावं लागतच नाही, तो ओळखतो. घरच्यांची परीक्षा म्हणून फुकाची. लोगो वाचता येतो की नाही ते परक्याला विचारायचं. म्हणून तिने एक तक्ता करून आणला होता. तीन रकाने होते: वाचता येतं का, लक्षात राहतं का, लहान केल्यावर टिकतं का. आणि पाच माणसं हवी होती.

शेजारच्या बँकेचा पहारेकरी आला. समोरचा चष्मेवाला आला. एक वाटसरू बाई सापडली. दुकानात नेमकी एका लहान मुलीची आई उभी होती, दर गुरुवारी लाल दोऱ्याचं खोकं न्यायला येणारी. ती चौथी. पाचव्या मावशी, कारण त्या हाताशी होत्या.

वाचण्यात पहिला सरस ठरला. रस्त्यापलीकडून पहारेकऱ्याने धडाधडा वाचला. तिसऱ्यात वाचायला एकच अक्षर, तेही सगळ्यांना आलं. दुसऱ्यात वाचण्यासारखं काही नव्हतंच. नाव खाली वेगळं, आणि स्टिकरवर तर तेही बसणार नव्हतं.

मग लक्षात राहण्याची परीक्षा. पाच सेकंद दाखवायचं, झाकायचं, मधे हवापाण्याच्या गप्पा मारायच्या आणि मग कागद देऊन सांगायचं, आठवेल तसं काढा. पहिला कुणालाच काढता आला नाही. चष्मेवाल्याने तर त्या जागी स्वतःच्याच दुकानाची पाटी काढली. तिसरा दोघांना आठवला, तोही चौकटीसकट. आणि बदाम आठवला पाचांपैकी पाचांना. वाटसरू बाईने तर इतका गोंडस काढला की सूनबाई म्हणाली, "यांनाच काम द्यायला हवं होतं."

पट्टीबाईने पाची कागद गोळा केले. पाच बदाम. त्या प्रत्येकाला तिने काट मारलेला बदाम दाखवला होता. कागदावर काट एकानेही काढली नव्हती.

तिने ते पाहिलं. तिच्या डोळ्यांतून अर्धा मिलिमीटर सुटत नसे, पाचही कागदांवरून गायब झालेली काट कशी सुटेल? तिने तक्त्यात लिहिलं, "बदाम: ५ पैकी ५." काटेसाठी तक्त्यात रकानाच नव्हता.

"एक विचारू?" मुलीची आई म्हणाली. सावकाश बोलणारी बाई होती, दर वाक्याआधी थांबायची, जणू वाक्याच्या तळाशी काय काय घातलंय ते वाचून बघते आहे. "बदाम नाही हे सांगायला बदामच का काढलात?"

मागे भट्टीवर दूध उतू जायच्या बेतात होतं, त्याचा आवाज आला.

"त्यावर काट आहे ना," पट्टीबाई म्हणाली.

"हो. आता सांगितल्यावर दिसली."

शेवटची परीक्षा लहान करण्याची. पट्टीबाईने चौदा मिलिमीटरच्या छापील चकत्या आणल्या होत्या, गुळगुळीत चकचकीत कागदावर, छापखान्यातल्या सर्वांत चांगल्या यंत्रावर काढलेल्या. खरा स्टिकर यायचा होता जाड्याभरड्या कागदाचा, शाई टिपकागदासारखी पिणारा. सात सेंटिमीटरमध्ये जी काट एक मिलिमीटरची, ती चौदात आली की एक पंचमांश मिलिमीटर. तपकिरी भरीव रंगातून कोरलेली पांढरी रेघ एवढी बारीक झाली की दोन्ही बाजूंची शाई पसरून एकमेकींना भेटते, आणि रेघ मिटते. हे शिकाऊ पोरांना पहिल्या महिन्यात शिकवतात, आणि शिकवायची पट्टीबाईच. "फरक पोटात ठेवू नका, कडेला ठेवा. पोट भरून जातं, कड राहते." हे वाक्य तिचंच.

तर मग खऱ्या कागदावर का नाही छापलं? तो कागद त्या दिवशी गोदामात होता, गोदामाची किल्ली मालकांकडे होती, आणि मालक जेवायला गेले होते. ही सगळी कारणं खरी होती. खऱ्या कारणांचा हाच तर फायदा, की ती कुणाच्याही तोंडावर फेकता येतात, स्वतःच्यासुद्धा.

चकचकीत कागदावर काट दिसली. चौघांना दिसली. पहारेकऱ्याने जरा डोळे बारीक केले, पण दिसली.

मावशींनी दोन्ही चकत्या हातात घेतल्या. खिडकीकडे धरल्या, मग लांब धरल्या, मग जवळ आणल्या. नख चकतीच्या कडेवरून फिरवून पाहिलं.

"मला दोन्ही सारख्याच दिसतात, ताई."

"नीट बघा. एकीत तिरकी रेघ आहे."

"असेल. तुम्ही म्हणता म्हणजे असणारच. मला दिसत नाही." मग त्यांनी तिसऱ्या आराखड्याच्या चकत्या उचलल्या, गोल एक, चौकोनी एक, आणि डोळे मिटून दोन्ही अंगठ्यांनी चाचपल्या. "या कळतात. या मी अंधारात पण लावीन."

"मावशी, डॉक्टरला दाखवा डोळे," सूनबाई हसत म्हणाली. "नाहीतर समोर चष्मेवाले काका उभेच आहेत, आयतं गिऱ्हाईक."

"या वयात एवढं कमी दिसणारच," चष्मेवाला म्हणाला. "दोघांत एकाला तरी."

त्याने हे सहज, धंद्याच्या सवयीने म्हटलं. पट्टीबाईने ऐकलं. तक्त्यातल्या पाचव्या नावावरून तिने एक आडवी रेघ मारली आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, "दृष्टी कमी. धरू नये." ती रेघ मात्र चांगली जाड आली. यंत्राचा धक्का नाही, हात हलला नाही.

मग तिने निकाल वाचून दाखवला. चारपैकी चार, चारपैकी चार. ऐकायलाच किती बरं वाटतं.

"आणि दोरा?" तात्यांनी विचारलं. "दोरा ठेवायचा ना?"

इथे गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण प्रदर्शनाच्या अर्जात एक प्रश्न होता: "या बोधचिन्हामुळे ग्राहकाच्या कामात काय सुधारणा झाली?" त्याचं उत्तर पट्टीबाईने आधीच मनात लिहून ठेवलं होतं.

"दोऱ्याची आता गरज नाही, तात्या. खूणच बोलेल."

मावशी खाली बघून दोऱ्याचं रीळ गुंडाळत होत्या. सुटलेलं टोक त्यांनी रिळाच्या खाचेत अडकवलं आणि रीळ खिडकीत ठेवलं. बावीस वर्षं ज्यांना कुणी विचारलं नाही, त्यांना एकदा विचारून खोडलं, एवढंच.

बदामाला दृष्ट लागावी असं यश आलं. पाटीवर तो रस्त्याच्या टोकावरून दिसायचा. पोरं दुकानाला "बदामाचं दुकान" म्हणायला लागली. मोबाइलच्या पडद्यावर तो एवढासा झाला तरी ओळखू यायचा. सूनबाईचं पाऊल जमिनीवर ठरेना, आणि तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आरशात बघून टोपी सारखी केली.

छापखान्यातून स्टिकरची दोन भेंडोळी गेली, भरड्या कागदावरची. पट्टीबाईने जाण्यापूर्वी ती हातात घेऊन पाहिली. काट मारलेला बदाम आणि अख्खा बदाम. तिने भिंग काढलं. भिंगातून दहांतल्या तीन-चार बदामांवर काटेची पुसटशी आठवण होती, बाकीच्यांवर तीही नव्हती. तिने भिंग खिशात ठेवलं आणि भेंडोळी गठ्ठ्यात बांधून टाकली. दुकान आपली व्यवस्था करतंच की, असं ती मनाशी म्हणाली. आणि खरंच, दोन महिने काही झालं नाही. कुठे काही बिघडलं नाही की माणूस शहाणा नसून नशीबवान आहे, हे त्याला कळायला मार्गच उरत नाही.

काही का झालं नाही, ते पट्टीबाईला प्रदर्शनासाठी फोटो काढायला गेली तेव्हा कळलं. तो बुधवारचा दिवस होता. तिने चार वड्यांचं खोकं उजेडात ठेवलं, कॅमेरा लावला, आणि बघते तो झाकणाच्या जिभेवर, नेमका तिच्या बदामावरून, लाल दोरा गेलेला.

"हे काय?"

सूनबाई बोळाकडे बघत म्हणाली, "मावशींचं खूळ. नको म्हटलं तरी बांधतात. मामंजींनी दोरा आणायचा बंद केला, तर आता घरून आणतात."

मावशी स्टुलावरून म्हणाल्या, "मला दिसत नाही ना, सूनबाई. म्हणून भेंडोळं डाव्या खिळ्याला बिनदाण्याचं, उजव्याला दाण्याचं, असं ठेवते, आणि वर दोरा बांधते. दोन खुणा असलेल्या बऱ्या."

"पण चिन्ह झाकलं जातंय," पट्टीबाई म्हणाली. "बघा ना, तात्या. एवढी मेहनत केली आणि वर दोरी. लोकांना वाटेल आपला आपल्यालाच भरवसा नाही."

तात्या भट्टीतून हात पुसत आले. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं. तात्या भिडस्त माणूस. शिकलेल्या माणसापुढे त्यांची मान आपोआप हलायची.

"मावशी, बास आता दोरा," ते म्हणाले. "ताई म्हणतात तसं करा."

"बरं," मावशी म्हणाल्या. रीळ त्यांनी खिडकीतून उचललं आणि पदरात बांधलं. मग, इतक्या हळू की फक्त जवळ उभ्या असलेल्या पट्टीबाईला ऐकू आलं, म्हणाल्या, "मग तुम्हीच लक्ष ठेवा हं, ताई."

फोटो छान आले. शेवटच्या फोटोत दोन्ही भेंडोळी हवी होती, एकावर एक रचलेली. पट्टीबाईनेच ती खिळ्यांवरून काढली, उजेडात ठेवली, फोटो घेतला, आणि जाताना बोळात जाऊन परत लावली. एका हातात कॅमेऱ्याची बॅग होती, म्हणून दोन्ही भेंडोळी दुसऱ्या हातात घेतली होती. डावं कुठलं, उजवं कुठलं? तिने भिंग काढायला हवं होतं. बॅग खाली ठेवावी लागली असती. दारात रिक्षा थांबली होती. तिने एक या खिळ्याला लावलं, एक त्या.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.

सकाळी सातला दुधाच्या वड्या झाल्या. मावशींनी डाव्या खिळ्यावरचे स्टिकर लावले. कालच्या राहिलेल्या बदामाच्या वड्या भरल्या, त्यांना उजव्या खिळ्यावरचे. भिंग घेऊन बघणाऱ्यालाच कळलं असतं की काट कुठे आहे, आणि दोऱ्याशिवाय बाकी कुणाला काहीच कळण्याची सोय नव्हती. मावशींनी खोकी गल्ल्यापाशी नेली. सूनबाई शाळेच्या सभेला जायच्या घाईत होती. तिने आदल्याच संध्याकाळी नव्या टपोऱ्या दिव्याखाली, डोळे अगदी लावून, स्टिकर बघून फळ्यांवर खोकी लावायला सुरुवात केली होती, आणि तिला तिचाच अभिमान होता. त्या खोक्यांत एकावर तिला काटेचा अंश दिसला. तो होता बदामाच्या वडीच्या खोक्यावर. तिने तो ढीगच्या ढीग बिनदाण्याच्या फळीवर ठेवला.

दहाला मुलीची आई आली. तिने खोकं घेतलं, सवयीने वरून हात फिरवला, आणि थांबली.

"दोरा नाही?"

"आता नाही बांधत. ही बघा ना खूण," सूनबाईच्या जागी बसलेले तात्या म्हणाले. "काट मारलेला बदाम. नव्या पद्धतीचं."

तिने खोकं डोळ्यांपाशी नेलं. उन्हात तिरकं धरलं. वाक्य वाचावं तशी बघत राहिली.

"असेल," ती म्हणाली. तात्यांच्या शब्दावर ती नऊ वर्षं वड्या नेत होती.

मुलगी वाचली. हे आधीच सांगतो, कारण पुढचे तीन दिवस ते कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्या घासानंतर ओठ सुजले, दुसऱ्यानंतर आवाज गेला, आणि आई तिला उचलून रस्त्यावर धावली. आईच्या पर्समध्ये अशा वेळी टोचायची औषधाची सुई होती, ती तिने रस्त्यातच टोचली, म्हणून दवाखाना गाठता आला. नळी, यंत्र, काचेपलीकडे उभी आई. आवाज परत यायला दोन महिने लागले, आणि आला तो थोडा घोगरा.

अन्न तपासणीचे साहेब आले तेव्हा तात्यांनी पट्टीबाईलाही बोलावून घेतलं. साहेबांनी भट्टीची खोली बघितली, धुतलेले ओटे बघितले, आणि मान डोलावली. इथे काही चूक नव्हती. मग ते बोळात आले. खिळ्यांवर दोन भेंडोळी.

"हे कोण लावतं?"

"मी," मावशी म्हणाल्या.

"यातलं बिनदाण्याचं कुठलं?"

मावशींनी डाव्याकडे बोट केलं. साहेबांनी भिंग काढलं, बराच वेळ बघितलं. "हे दाण्याचं आहे."

"मी डावं-उजवं बघून लावते, साहेब. खूण मला दिसत नाही."

"दिसत नाही तर सांगायचं नाही का, मावशी?" तात्यांचा आवाज फाटला. "सांगायचं नाही का कुणाला?"

"सांगितलं होतं," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी पट्टीबाईकडे पाहिलं. बोट केलं नाही, आवाज चढवला नाही. नुसतं पाहिलं, जसं एखाद्याने आपली ठेव मागावी.

पट्टीबाईच्या पिशवीत तो तक्ता होता. आडव्या रेघेसकट, बारीक अक्षरांसकट. छापखान्याला दिलेली प्रत वेगळी होती, स्वच्छ टंकलेली, चार माणसांची. बोळ इतका अरुंद होता की पाच माणसांचे श्वास एकमेकांना लागत होते. साहेब तिच्याकडे बघत होते. "सांगितलं होतं का यांनी?"

ती खोटं बोलली नाही. ती फक्त मापून बोलली.

"डोळ्यांचं म्हणाल्या होत्या काहीतरी."

"म्हणजे नजर अधू," साहेबांनी लिहून घेतलं. "अशा माणसाला या कामावर ठेवायला नको होतं."

भेंडोळी खिळ्यांवर परत कुणी लावली, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, याचं उत्तर पट्टीबाईने तयार ठेवलं होतं. ते वापरावं लागलं नाही. वस्तू न वापरता जपून ठेवायची तिला सवयच होती.

मावशींचं काम त्याच दिवशी सुटलं. दुपारी त्यांनी स्टूल खिडकीखाली सरकवलं, पदराची गाठ सोडली, आणि लाल दोऱ्याचं रीळ खिडकीत ठेवलं. "राहू दे," त्या सूनबाईला म्हणाल्या. "उपयोगी पडेल."

आठवड्याच्या आत पट्टीबाईने तिसरा आराखडा छापून दिला. गोल आणि चौकोन. अंधारात कळतो, अंगठ्याला कळतो. तात्यांनी बदामाची पाटी उतरवली, पण प्रदर्शनाच्या लोकांनी तो बदाम आधीच निवडून भिंतीवर लावला होता, चांगला हातभर मोठा करून. त्या मापात काट अशी ठसठशीत दिसत होती की पाहणारे म्हणाले, किती साधी कल्पना, किती स्पष्ट.

आता जमाखर्च. तात्यांचं दुकान एक महिना बंद राहून पुन्हा उघडलं, गिऱ्हाईक निम्मं आलं. सूनबाईने गल्ल्यावर बसायचं सोडलं, आणि थट्टाही. त्या आईने पुन्हा कुठल्याच दुकानातून काही विकत घेतलं नाही. मुलगी बोलते, पण हळू. समोरचा चष्मेवाला सांगतो की मावशींचे डोळे त्याने नंतर तपासले, वयाच्या मानाने चांगले निघाले. त्या स्टिकरवरची ती रेघ तर त्यालाही भिंगाशिवाय दिसली नव्हती, भरड्या कागदावरची.

आणि काचेच्या खोलीतल्या कागदाची रिमं हलली. खोलीत एक टेबल आहे, ते हादरत नाही. टेबलाच्या खालच्या खणात चार घड्या घातलेला एक तक्ता आहे. पट्टीबाई दार लावून घेते. दाराचं मोल मावशींनी भरलं.